झाकलेल्या स्क्रीनवरचा ट्रक

"तू आता कुणाचंच ऐकत नाहीस भो."

हे वाक्य मला एका रविवारी दुपारी ऐकावं लागलं. त्या वेळी माझा ट्रक दरीत चाकं वर करून पडला होता. ट्रक खोटा होता, दरीही खोटी. वाक्य मात्र खरं होतं, आणि ते बोलणारा माणूस माझ्यासाठी कुणी ऐरागैरा नव्हता. सुरतजवळच्या सचिन गावातल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात मी सोळाव्या वर्षी लागलो तेव्हा तुटलेला धागा कसा जोडायचा हे त्यानेच मला शिकवलं होतं. माझ्या पुढच्या दोन लूम तो चालवायचा. पुढे मी लूम सोडून ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कापडाच्या दलालीत शिरलो. तो आईसाठी नंदुरबारकडे आपल्या गावी परतला आणि तिथे पिठाची गिरणी टाकली. म्हणून इथे त्याला गिरणीवाला म्हणतो. आमच्याच लूमच्या रांगेतला तिसरा मित्र हजीऱ्याला एका मोठ्या कारखान्यात क्रेन चालवतो. तो क्रेनवाला.

आमचा खेळ साधा होता. माझ्या डिंडोलीच्या घरी लॅपटॉप आहे. मार्केटमधल्या एका पोराकडून जुना घेतला, पण घेताना त्याचा घाम काढला होता. "छेल्लो भाव बोलो", शेवटचा भाव सांग, असं मी त्याला अकरा वेळा म्हणालो असेन. त्यावर ट्रक चालवायचा एक गेम होता. घाटातून माल न्यायचा, वेळेत पोचवायचा, कुठे धडक द्यायची नाही. रविवारी मार्केट बंद. जेवणं झाली की आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर यायचो आणि मी माझी स्क्रीन त्यांना शेअर करायचो. बटणं माझ्या हातात. रस्ता सांगायचं काम गिरणीवाल्याचं, कारण लहानपणी तो ट्रकवर क्लीनर होता आणि घाट त्याला कळतो. क्रेनवाला खायचा आणि टोमणे मारायचा.

आणि दर रविवारी आम्ही दरीत जायचो.

"डावीकडे म्हटलं ना मी!" गिरणीवाला ओरडायचा.

"केव्हा म्हटलंस? वळण गेल्यावर!"

"वळण गेल्यावर कसं? माझ्यासमोर वळण आता येतंय."

"तुझ्यासमोर येतंय, माझं तर ट्रकसकट खाली गेलं."

असं दोन महिने चाललं. आधी हसणं होतं, मग त्यात धार आली. आणि मग त्या रविवारी तो शांतपणे ते वाक्य बोलला. तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि विषय संपला असता. शांतपणे बोललेलं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

शिवाय त्या वाक्याला एक मागची बाजू होती. तीन वर्षांपूर्वी मी त्याला सुरतला परत बोलावलं होतं. माझ्याबरोबर दलालीत ये म्हटलं, पांडेसरा ते डिंडोली फिरून त्याच्यासाठी खोली बघितली. तो आला नाही. आईचं कारण दिलं. मी ते मानलं, पण मनात राहिलं. त्या रविवारी मला कळलं की कारण आई नव्हती. कारण मी होतो. त्याला वाटत होतं की ह्याच्याबरोबर काम केलं तर ह्याचंच ऐकावं लागेल.

मी ठरवलं, हे वाक्य त्याच्याकडून परत घ्यायचंच. तोंडाने. क्रेनवाल्यासमोर.

*

पहिलं भांडण आवाजाचं निघालं. गिरणीवाला म्हणाला, "तुना आवाज येस, गाडीना येत नही." म्हणजे माझं बोलणं पोचत होतं, ट्रकचं इंजिन नाही. मी उडालोच. लॅपटॉपचा स्पीकर पूर्ण वाढवलेला, खोलीत इंजिनाची घरघर एवढी की बायको आतून ओरडायची, आणि हा म्हणतो येत नाही! मला वाटलं, हरल्याचं कारण शोधतोय.

"तुला काय, हॉर्न पण येत नाही?"

"हॉर्न येतो. ठोकल्यावर धाडकन येतं तेवढं. मधलं काहीच नाही."

मी क्रेनवाल्याला विचारलं. तो तोंडात शेव भरून म्हणाला, "मलाही नाही. मला वाटलं, तू बैलगाडी चालवतोस."

मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बसलो आणि कॉलच्या सगळ्या सेटिंग उघडून एकेक बघितल्या. चोर सापडला. आमच्या खाली जरीभरतकामाची मशीनं चालतात, सकाळपासून त्यांची खटखट. मार्केटच्या कॉलवर पार्ट्या तक्रार करायच्या म्हणून मीच कधीतरी पाठचा आवाज दाबायची सेटिंग सगळ्यात वर नेली होती. ती सतत चालणारा आवाज कचरा समजून काढून टाकते आणि माणसाचं बोलणं ठेवते. इंजिन सतत चालणारं, म्हणून कचऱ्यात. हॉर्न आणि धडक अचानक, म्हणून वाचायचे. आणि मुळात गेमचा आवाज माझ्या स्पीकरमधून निघून माझ्याच माइकमधून जावा ही वाटच चुकीची होती. स्क्रीन शेअर करताना खाली एक बारीक चौकोन असतो, आवाजही शेअर करा म्हणून. त्यात टिक केली की गेमचा आवाज माइकला न विचारता सरळ जातो. दोन महिने तो चौकोन माझ्या नाकासमोर रिकामा होता.

मी टिक केली. पुढच्या रविवारी गिरणीवाल्याला पहिल्यांदा इंजिन ऐकू आलं आणि तो म्हणाला, "अरे, चढावर तर गियरही बदलायचा आवाज येतो." एवढंच. त्याने वाक्य मागे घेतलं नाही. उलट एक नवीन लफडं झालं. तो मोबाईलच्या मोठ्या आवाजावर ऐकत होता. आता ट्रकचा आवाज त्याच्या स्पीकरमधून निघून त्याच्याच माइकात शिरायला लागला. त्याचा फोन तो प्रतिध्वनी कापायला जायचा आणि त्याबरोबर गिरणीवाल्याचं बोलणंही कापायचा. "डावी..." एवढंच यायचं. डावीकडे वळू की डावीकडे वळू नको, हे माझ्यावर.

"वायरवाला इअरफोन लाव," मी म्हणालो.

"शेठ, तुझ्या खर्चाने पाठव," क्रेनवाला मधेच.

मी पाठवला. एका पार्टीच्या गाठोड्यात घालून नंदुरबारला जाणाऱ्या गाडीने. उगाच ऐकून घेणारा मी नाही.

*

आता उशिराचा हिशेब. मी त्याला म्हणालो, तू खरं बोलतोस आणि मीही खरं बोलतो, दोघांच्या मधे काहीतरी खातंय. ते मोजू. मी स्क्रीनवर ट्रकऐवजी स्टॉपवॉच लावलं आणि तेच शेअर केलं.

"तुझ्याकडे दहाचा आकडा दिसला की 'हो' म्हण."

त्याचं "हो" माझ्या कानात आलं तेव्हा माझ्या स्क्रीनवर बारा होत आले होते. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाच वेळा केलं, दर वेळी दोन सेकंदांच्या जरा अलीकडे. म्हणजे माझं चित्र त्याच्याकडे जायला वेळ, त्याने बघून बोलायला थोडा, आणि त्याचा आवाज माझ्याकडे यायला परत वेळ.

मी मार्केटमधला माणूस, मला लांबी मीटरमध्ये कळत नाही, कापडात कळते. ताशी साठच्या वेगाने ट्रक दोन सेकंदांत तेहतीस मीटर जातो. म्हणजे सहावारी सहा साड्या एकापुढे एक पसरल्या तर तेवढं. मी त्याला सांगितलं, "तू मला वळ म्हणतोस तेव्हा मी सहा साड्या पुढे गेलेलो असतो. आता सांग, मी ऐकत नाही का मला ऐकूच येत नाही?"

मला वाटलं, झालं. केस जिंकली.

तो म्हणाला, "हे दोन सेकंद कोण खातंय ते शोध. मग बोलू."

शोधायला लागलो आणि तोंड कडू झालं. मी बिनवायरचे इअरफोन घालायचो, स्टेशनजवळच्या फुटपाथवर भाव तोडून घेतलेले. ते काढून वायरवाले लावले, स्टॉपवॉच लगेच थोडं खाली आलं. इंटरनेट मी शेजाऱ्याच्या वायफायवर चालवायचो, अर्धे पैसे त्याचे, अर्धे माझे, अशी माझीच हुशारी. राउटर त्याच्या भिंतीपलीकडे. त्याच्याकडून खिडकीतून केबल ओढून सरळ लॅपटॉपला लावली, अजून खाली. मग तिघांचे कॅमेरे बंद केले आणि शेअर होणाऱ्या चित्राचा दर्जा कमी केला. चित्र जरा खरबरीत झालं, पण अडखळायचं थांबलं. शेवटी पाच वेळा मोजलं तर एक सेकंदाच्या जरा आत.

म्हणजे निम्म्याहून जास्त उशीर माझ्याच घरातला निघाला. हे मी त्या दोघांना सांगायला नको होतं. पण स्टॉपवॉच शेअर केलेलं, दोघांनी उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"शेठ, तुझाच माल खराब निघाला की," क्रेनवाला म्हणाला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला.

"ठीक आहे," मी म्हणालो. "माल बदलला ना? आता चल घाटात."

*

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा घाट पार केला. गिरणीवाला वळणं दोन-दोन आधी सांगत होता, मी वळत होतो, एकही धडक नाही. माल पोचला. स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. मी खुर्चीत मागे टेकलो.

"आता घे वाक्य मागे."

तो म्हणाला, "मंदिरानंतरचं वळण आठवतं?"

"आठवतं. डावीकडचं."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

मला आठवेना.

"मी उजवीकडे सांगितलं होतं," तो म्हणाला. "पुलाआधीचंही उलटं सांगितलं. मुद्दाम. तू दोन्ही वेळा बरोबर वळलास."

क्रेनवाल्याचं खाणं तिथेच थांबलं. कॉलवर फक्त उभ्या ट्रकचं इंजिन वाजत होतं, आता सगळ्यांना छान ऐकू येत होतं.

मी चिडलो. खूप चिडलो. त्याला म्हणालो की हा विश्वासघात आहे, मी तुझ्यासाठी केबल ओढतो, इअरफोन पाठवतो आणि तू मला फशी पाडतोस. बरंच बोललो. बायको दारात येऊन उभी राहिली. तिला बघून आवाज खाली आणला, पण राग तेवढाच.

तो सगळं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "उशीर होता हे खरं. पण उशीर नव्हता तेव्हाही तू ऐकत नव्हतास. तुला तुझं दिसतं ना, म्हणून."

मी कॉल बंद केला.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी दोन सौदे फुकट बिघडवले. पार्टी बोलायच्या आत मी भाव सांगत होतो. कारण गिरणीवाला बरोबर होता, आणि ते मला माहीत होतं. माझी स्क्रीन ताजी, त्याची शिळी. मग त्याचं ऐकायचं कशाला? मी त्याचा आवाज पार्श्वसंगीतासारखा चालू ठेवायचो आणि डोळ्यांनी चालवायचो. आधी उशीर होता, त्यावर ढकलता येत होतं. आता उशीरही गेला होता.

*

बुधवारी क्रेनवाल्याचा फोन आला. शिफ्ट सुटून घरी जाताना.

"रुसलास का शेठ?"

"रुसतात बायका."

"बायको ऐकतेय का तुझी?"

"नाही."

"मग बोल. तुला वाक्य परत पाहिजे ना? उपाय सांगू?" आणि त्याने मला त्याच्या कामातली एक गोष्ट सांगितली. क्रेनवर वर बसलेल्याला कधीकधी माल दिसत नाही. शेडच्या मागे, टाकीच्या आड ठेवायचा असतो. तेव्हा खालचा एक माणूस वॉकीटॉकीवर बोलत राहतो. खाली, खाली, खाली, खाली. एकदाच सांगून गप्प बसायचं नाही. बोलतच राहायचं. तो बोलतोय तोवर क्रेन हलते, आणि आवाज थांबला की क्रेन थांबते. खालच्याला ठेच लागली, वॉकीटॉकी बंद पडला, कुणी त्याच्याशी बोलायला आलं, कारण काहीही असो. "वरच्याने डोकं चालवायचं नाही. आवाज नाही, तर हालचाल नाही. मी सहा वर्षं असंच करतोय. एकदाही डोकं चालवलं नाही, म्हणून नोकरी आहे."

"मग? ट्रकचं काय?"

"तुझी स्क्रीन झाक. आम्हाला दिसत राहील ना? तुला दिसायला नको."

मी मनात ताडून बघितलं. बरोबर होतं. स्क्रीनवर जे जातं ते लॅपटॉपच्या आतून जातं. काचेवर गोधडी टाकली तरी त्यांच्याकडे घाट तसाच दिसणार. मलाच फक्त अंधार.

"गिरणीवाला तयार होईल?"

"त्यालाच सुचलंय असं त्याला वाटेल. ते माझ्यावर सोड."

*

रविवारी काळ्या अस्तराचा एक जाड तुकडा दुहेरी घडी करून मी लॅपटॉपवर टांगला. बायकोने कपड्यांचे चिमटे लावले. गिरणीवाल्याने अट घातली की मी डोकावत नाही हे दिसलं पाहिजे. लॅपटॉपचा कॅमेरा तर अस्तराखाली. म्हणून बायकोच्या मोबाईलवरून कॉलमध्ये आणखी एकदा जोडलो, त्याचा माइक आणि आवाज दोन्ही बंद, नाहीतर एकाच खोलीत दोन यंत्रं एकमेकांचं ऐकून किंचाळतात. तिने मागचा कॅमेरा लावून मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला, स्क्रीन तिच्याकडे.

"वहिनी, इमानदारीने धरा बरं," क्रेनवाला म्हणाला. माझ्या इअरफोनमधलं तिला ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांना सांगा, हे घरात माझं ऐकत नाहीत. मी का वाचवू?"

मी हेही सांगितलं. सगळं प्रामाणिकपणे चाललं होतं.

वेग वीस ठरला. मी तीसला मागत होतो, गिरणीवाला दहा म्हणत होता, वीसवर तोडलं. वीसच्या वेगाने ट्रक सेकंदाला बरोबर एक साडी जातो. म्हणजे त्याला दिसतो त्यापेक्षा मी जवळजवळ एक साडी पुढे. एवढं त्याला डोक्यात धरावं लागणार होतं. आणि क्रेनचा नियम: बोलत राहायचं, आवाज थांबला की ब्रेक.

"सरळ, सरळ, सरळ, डावी, डावी, डावी..."

पहिल्या वळणावरच दगडांवर गेलो. तो "डावी" थांबवायचा तेव्हा मी अजून एक सेकंद डावीकडेच दाबत असायचो. दुसऱ्यांदा पुलाच्या कठड्याला लागलो. माझे हात शिवशिवत होते. अस्तराच्या कडेने उजेडाची एक रेघ येत होती, मी तिकडे बघितलं नाही. कानात टायरखाली खडी वाजली की कळायचं, रस्ता सुटतोय. हा गेमचा आवाज एरवी मी कधी ऐकलाच नव्हता. डोळे उघडे असताना गरज नव्हती.

तिसऱ्यांदा क्रेनवाला म्हणाला, "अरे गिरणीवाल्या, तूही आधीच सोड ना. तो वळून झाल्यावर गप्प होतोस. वळण पुरं व्हायच्या आधीच 'सरळ' म्हण."

"तूच चालव मग," गिरणीवाला खेकसला. पहिल्यांदाच तो चिडला. मला बरं वाटलं.

पण त्याने ऐकलं. चौथ्यांदा आम्ही मंदिरापर्यंत गेलो, मग वळणावरून, मग पुलावरून. त्याचा घसा सुकला होता, आवाज बारीक झाला होता, पण थांबत नव्हता. "सरळ, सरळ, सरळ..." मी श्वासही त्याच्या तालावर घेत होतो. पूल संपला. पुलानंतर काय आहे ते मला पाठ होतं, दोन महिने ह्याच रस्त्यावर पडलो होतो. पुलानंतर सरळ उतार, मग गोदामाचं फाटक. मधे काही नाही.

"सरळ, सरळ, सर..."

आणि शांत.

कानात इंजिन चालूच होतं. ट्रक उतारावर पळत होता, मला तो वेग ऐकू येत होता. त्याचा आवाज नव्हता. क्रेनवाल्याचाही नव्हता. अस्तराखाली कॉलची खिडकीही झाकलेली, नेट गेलं, कॉल तुटला की काय, काही कळायला मार्ग नाही. मला रस्ता माहीत होता. सरळ होता. फाटक समोर. आणि वेळ संपत आल्याची गेमची टिकटिक कानात सुरू झाली होती. बोट पुढे जायच्या बटणावरच होतं.

मी ब्रेक दाबला.

टायर किंचाळले, मग इंजिन नुसतं घुरघुरायला लागलं. मी बसून राहिलो. बायकोने मोबाईल थोडा खाली केला आणि भुवया उडवल्या. मी मान हलवली, काही नाही म्हणून. खालची भरतकामाची मशीनं ऐकू येत होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बराच गेला.

मग एकदम कानात गिरणीवाला, जोरात, "...थांब, थांब, थांब! कुठे गेलास?"

"थांबलोय."

"माझ्याकडे तर तू पुलावरच गोठला होतास. मी बोलतोय, बोलतोय..."

"मला आला नाही आवाज."

"चित्र आलं," क्रेनवाला म्हणाला. मग जरा थांबून, "अरे, हा तर उतारावर उभा आहे. मधोमध."

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही," गिरणीवाला म्हणाला. "रस्ता मोकळा आहे. सरळ. फाटक दिसतंय."

म्हणजे मी बरोबर होतो. गेलो असतो तर पोचलो असतो. आणि घड्याळ संपलं होतं, माल उशिरा गेला, अर्धे गुण कापले गेले. त्याने पुन्हा "सरळ, सरळ" सुरू केलं आणि आम्ही वीसच्या वेगाने फाटकातून आत गेलो. मी अस्तर काढलं. डोळ्यांत स्क्रीन टोचली.

"आता बोल," मी म्हणालो.

"आज ऐकलंस," तो म्हणाला.

"'आज' काढ."

"नाही काढणार."

"काढ म्हणतो ना. मला रस्ता पाठ होता. तरी थांबलो. क्रेनवाल्या, सांग ह्याला."

"मी मधे पडत नाही," क्रेनवाला म्हणाला. "मी फक्त क्रेन चालवतो."

मी सवयीने घासाघीस केली. तो हलेना. शेवटी मी सरळ विचारलं, तीन वर्षांपूर्वी का आला नाहीस. आई होती हे मला माहीत आहे, पण खरं काय ते.

तो म्हणाला, "तू मला विचारलं होतंस का? तू सांगितलं होतंस. खोली बघितली, सोमवारपासून ये. माझी गिरणीची मोटर तेव्हा नुकतीच बसवली होती. तुला सांगायला तोंड उघडलं, तर तू खोलीचं भाडं सांगायला लागलास."

माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं होतं, त्या खोलीसाठी मी काय काय केलं ते सगळं त्यात होतं. बायको अजून मोबाईल धरून उभी होती. मी बोललो नाही. तो मोटरीबद्दल सांगत राहिला, तिचा आवाज सुरुवातीला कसा वेगळा यायचा, आईला दळायला येणाऱ्या बायकांशी गप्पा मारायला कसं आवडतं, ते. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. बरंच बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "आहेस ना रे? का नेट गेलं?"

"आहे. बोल."

"मग झालं," तो म्हणाला. "घेतलं मागे. तुला म्हणालो होतो ते. 'आज' सकट काढलं."

त्याला हे क्रेनवाल्यासमोरच म्हणायचं होतं की नाही, मी विचारलं नाही. क्रेनवाल्याने ऐकलं होतं. मला तेवढं पुरे होतं.

पण त्याने वळणावर मला मुद्दाम उलटं सांगितलं होतं, ते मी विसरलेलो नाही. ते वेगळं.